पैठणी कुणाला, आणि कशी ठरणार?

‘पेज फॉलो करा, तीन मैत्रिणींना टॅग करा, छानशी कमेंट लिहा आणि जिंका पैठणी! सर्वांत सुंदर उत्तर देणाऱ्या एका लकी विजेतीची निवड होईल. आयोजकांचा निर्णय अंतिम.’

नवरात्रापासून दिवाळीपर्यंत असा मजकूर रोज कुठे ना कुठे वाचायला मिळतो. घरून साड्या विकणाऱ्या ताई, फराळाच्या ऑर्डरी घेणारी मंडळी, गावातलं भांड्यांचं दुकान, सोसायटीचं मंडळ, सगळेच बक्षीस ठेवतात. बहुतेक जण पैठणी खरोखर देतातही. तरीही निकाल लागला की कमेंटमध्ये कुरबूर सुरू होते. ‘ही तर त्यांच्या नात्यातलीच आहे’, ‘माझं उत्तर जास्त चांगलं होतं’, ‘चिठ्ठी कधी काढली, कुणी पाहिली?’ या कुरबुरीचं मूळ बहुतेक वेळा वरच्या चार ओळींतच असतं.

‘सर्वांत सुंदर उत्तर देणाऱ्या एका लकी विजेतीची’ हे शब्द पुन्हा वाचून पाहा. उत्तराच्या दर्जावरून निवड होणार असेल, तर ‘लकी’चा संबंध येत नाही. सोडत निघणार असेल, तर उत्तर सुंदर आहे की साधं याने फरक पडायला नको. एका वाक्यात दोन पद्धती कोंबल्या की वाचणारी प्रत्येक बाई आपल्याला सोयीची पद्धत धरून बसते आणि निकालानंतर निम्म्या जणींना फसवल्यासारखं वाटतं. म्हणून पहिली कमेंट पडण्यापूर्वी एक गोष्ट ठरवून टाकावी लागते. ही सोडत आहे की परीक्षकांनी निकाल द्यायची स्पर्धा? नियमांचा मजकूर उतरला की नाही हे ताडून पाहायचीही एक साधी रीत आहे. आयोजकांना ओळखत नसलेल्या दोन माणसांना तेच नियम आणि तीच नावांची यादी द्या. दोघांनी वेगवेगळ्या खोलीत बसून एकच विजेता काढला, तर मजकूर पक्का आहे.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू. समजा, नाशिकमधल्या एका ताई घरून साड्यांचा व्यवसाय करतात. त्यांना साडेआठ हजारांची एक पैठणी भेट द्यायची आहे. सहभागाची मुदत 10 ते 20 ऑक्टोबर. सहभागासाठी एका प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात लिहायचं आहे: तुमच्या घरी दिवाळीची पहिली पणती कुठे लावतात? निवड सोडतीने.

पहिला प्रश्न पैशांचा. ‘हजार रुपयांच्या खरेदीवर एक कूपन’ ही योजना बाजारपेठेत इतकी रुळली आहे की तिच्यात काही वावगं असेल असं कुणाला वाटत नाही. पण बक्षीस, नशीब आणि सहभागासाठी मोजलेला पैसा या तीन गोष्टी एकत्र आल्या, की कायद्याच्या दृष्टीने ती लॉटरी होऊ शकते. सरकारची किंवा सरकारने परवानगी दिलेली नसलेली लॉटरी चालवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 297 खाली गुन्हा आहे आणि अशा लॉटरीची जाहिरात करणाराही त्या कलमात येतो. पूर्वी हेच भारतीय दंड संहितेचं कलम 294-अ होतं. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 तर आणखी व्यापक आहे. विक्री किंवा धंदा वाढवण्यासाठी घेतलेली स्पर्धा, सोडत, नशिबाचा किंवा कौशल्याचा खेळ, हे सगळं त्यातल्या ‘अनुचित व्यापारी प्रथे’च्या व्याख्येत घातलेलं आहे. त्यामुळे बक्षीस मोठं असेल किंवा खरेदीची अट घालायची असेल, तर मजकूर वकिलाच्या नजरेखालून गेलेला बरा. आपल्या ताईंनी खरेदीची अट पूर्णपणे काढून टाकली आणि तसं पहिल्याच ओळीत लिहिलं:

‘सहभाग पूर्णपणे मोफत आहे. त्यासाठी कोणतीही खरेदी करण्याची गरज नाही. खरेदी केल्याने बक्षीस मिळण्याची शक्यता वाढत नाही.’

तिसरं वाक्य पुष्कळ जण गाळतात. ते नसेल तर नेहमीच्या गिऱ्हाइकाला वाटतं की आपण दोन साड्या घेतल्या म्हणजे आपलं पारडं जड. निकाल दुसरीकडे गेला की दुखावतं तेच गिऱ्हाईक.

टॅग करण्याच्या अटीचाही इथेच विचार व्हावा. फेसबुकच्या नियमांनुसार स्पर्धेत भाग घेण्यासाठी स्वतःच्या टाइमलाइनवर शेअर करायला लावणं किंवा मित्रांना टॅग करायला लावणं चालत नाही. शिवाय ही स्पर्धा फेसबुकने पुरस्कृत केलेली नाही किंवा तिचा फेसबुकशी संबंध नाही, हेही आयोजकाने लिहायचं असतं. ताईंनी टॅगची अट काढून टाकली. मोजणीच्या दृष्टीनेही ते सोयीचं झालं. तीन टॅग म्हणजे तीन नोंदी की एकच, हा वाद उरला नाही.

आता पात्रता. ‘सर्वांसाठी खुली’ हे दिलदार वाटतं, पण ते पाळता येत नाही. सोळा वर्षांची मुलगी जिंकली तर? 18 वर्षांखालील व्यक्तीशी केलेला करार आपल्याकडे टिकत नाही आणि 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही 18 वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानलं आहे. तिचा पत्ता आणि फोन नंबर घ्यायचा म्हणजे पालकांची संमती आली. न्यू जर्सीतल्या नणंदबाई जिंकल्या तर साडी तिकडे पाठवण्याचं कुरिअर आणि तिथलं सीमाशुल्क कुणी भरायचं? आणि तमिळनाडूत राहणारी मराठी बाई जिंकली तर? देशभर चालणाऱ्या योजनांच्या बारीक अक्षरांत ‘तमिळनाडूत लागू नाही’ असं लिहिलेलं असतं. त्याचं कारण तिथला बक्षीस योजनांवर बंदी घालणारा 1979 चा कायदा. ताईंनी आपली मर्यादा आखून घेतली:

‘20 ऑक्टोबर रोजी 18 वर्षं पूर्ण झालेली आणि महाराष्ट्र किंवा गोव्यात राहणारी कोणतीही व्यक्ती भाग घेऊ शकते. बक्षीस याच दोन राज्यांतल्या पत्त्यावर, आमच्या खर्चाने पोहोचवलं जाईल. आमच्याकडे काम करणारे, तसेच आमचे आणि त्यांचे पती-पत्नी, आई-वडील, सासू-सासरे, मुलं, भावंडं आणि एकाच घरात राहणारे यांना भाग घेता येणार नाही. एका व्यक्तीची एकच नोंद धरली जाईल. एकाहून जास्त असतील तर सर्वांत आधीची नोंद मोजली जाईल.’

‘नातेवाईक पात्र नाहीत’ एवढंच लिहून इथे भागत नाही. आपल्याकडे नातं कुठे संपतं हे सांगणं कठीण. चुलत जावेची बहीण नात्यातली की नाही? नावं घेऊन लिहिली की प्रश्न मिटतो. दुबार नोंदींबद्दलही तसंच. ‘दुबार नोंदी बाद’ असं लिहिलं, तर त्या बाईच्या सगळ्याच नोंदी बाद की एक राखून बाकीच्या, हे कळत नाही. चुकून दोनदा बटण दाबलेल्या बाईला स्पर्धेबाहेर काढणं अन्यायाचं होईल, म्हणून पहिली नोंद राखायची.

मुदतीच्या वाक्यात एकच सांभाळायचं असतं. ‘20 ऑक्टोबरपर्यंत’ म्हणजे वीस तारीख धरून की सोडून, हे वाचणाऱ्यावर सोपवू नये. ‘20 ऑक्टोबर, रात्री 11 वाजून 59 मिनिटांपर्यंत, भारतीय वेळेनुसार’ असं लिहिलं की झालं. वेळ कमेंटवर दिसते तीच धरली जाईल, हेही जोडावं.

स्पर्धेचा जीव मात्र विजेता निवडण्याच्या पद्धतीत असतो, आणि मजकुरात सर्वांत कमी शब्द मिळतात ते तिलाच. ‘लकी ड्रॉ काढला जाईल’ म्हणजे नेमकं काय होणार?

चिठ्ठ्या काढायच्या असतील, तर त्या सगळ्या एकाच कागदाच्या, एकाच मापाच्या आणि सारख्याच घड्या घातलेल्या हव्यात. जाड किंवा कडक चिठ्ठी बोटांना आपोआप लागते. त्याहून मोठी अडचण ढवळण्याची. 1 डिसेंबर 1969 रोजी अमेरिकेत व्हिएतनाम युद्धासाठी सक्तीने सैन्यात कुणाला आधी बोलवायचं हे ठरवण्यासाठी सोडत काढली. वर्षाच्या 366 तारखा निळ्या कॅप्सूलमध्ये घालून काचेच्या मोठ्या भांड्यात टाकल्या होत्या. कॅप्सूल महिन्यांच्या क्रमाने भरल्या होत्या आणि पुरेशा मिसळल्या नव्हत्या. नंतर संख्याशास्त्रज्ञांनी आकडे तपासले तेव्हा वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत जन्मलेल्या तरुणांचे क्रमांक ठळकपणे आधी लागलेले दिसले. कुणी लबाडी केली नव्हती, नुसतं ढवळणं कमी पडलं होतं. आपल्या डब्यातही शेवटी टाकलेल्या चिठ्ठ्या वर राहतात आणि लहान मुलाचा हात वरच्याच चिठ्ठीवर पडतो. डबा निम्म्याहून जास्त भरू नये आणि झाकण लावून उलटासुलटा करत चांगला हलवावा, हे त्यामुळे महत्त्वाचं.

चारशे चिठ्ठ्या लिहिणं जिकिरीचं, म्हणून हल्ली मोबाइलवर आकडा काढतात. तो आकडा बहुधा खराच असतो, पण पाहणाऱ्याला कळत नाही की तो पहिल्या खेपेला आला की मनासारखा येईपर्यंत बटण दाबलं. म्हणून आपल्या ताईंनी आयोजकाच्या हातात नसलेला, सगळ्यांना दिसणारा आणि आधीच जाहीर केलेला आकडा धरला: ठरलेल्या दिवशी मुंबई शेअर बाजाराचा सेन्सेक्स जिथे बंद होईल तो. बाहेरच्या आकड्यावरचा हा विश्वास मुंबईला जुना आहे. मटक्याच्या धंद्याची सुरुवात न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या भावांच्या आकड्यांवर झाली, कारण इथल्या कुणालाही ते आकडे फिरवता येणार नाहीत अशी लोकांची खात्री होती. तिथे लोक पैसा लावत होते आणि घरंदारं बुडवत होते. इथे कुणाचा एक रुपयाही लागलेला नाही. घ्यायचं ते इतकंच, की आकडा आयोजकाच्या हाताबाहेरचा हवा.

नियम असा लिहिला:

‘22 ऑक्टोबर रोजी पात्र नोंदींची क्रमांक दिलेली यादी जाहीर होईल. नोंदींचा क्रम कमेंटच्या वेळेप्रमाणे असेल. यादीबद्दल हरकत त्याच दिवशी रात्री 9 पर्यंत कळवावी, त्यानंतर यादी बदलणार नाही. 23 ऑक्टोबरचा सेन्सेक्सचा बंद आकडा दशांश चिन्ह काढून घेतला जाईल. त्याला एकूण पात्र नोंदींच्या संख्येने भागून उरलेल्या बाकीत 1 मिळवला जाईल. त्या क्रमांकाची नोंद विजेती. तिच्या पुढचे दोन क्रमांक अनुक्रमे पहिला आणि दुसरा पर्याय. यादी संपल्यास पुन्हा क्रमांक 1 पासून मोजलं जाईल. त्या दिवशी बाजार बंद असल्यास पुढच्या कामकाजाच्या दिवसाचा आकडा घेतला जाईल. उत्तराच्या आशयाचा निवडीशी संबंध नाही.’

प्रत्यक्षात काय होईल ते पाहू. मुदत संपली तेव्हा 412 कमेंट होत्या. त्यांतल्या 14 दुबार, 6 मुदतीनंतर आलेल्या, 3 मध्ये उत्तरच नव्हतं आणि 2 ताईंच्या भावंडांच्या. या 25 वजा जाता 387 पात्र नोंदी उरल्या. त्यांना 1 ते 387 क्रमांक देऊन यादी जाहीर झाली. 23 तारखेला सेन्सेक्स, समजा, 81,234.56 वर बंद झाला. दशांश चिन्ह काढलं की आकडा होतो 81,23,456. त्याला 387 ने भागलं की भागाकार 20,990 आणि बाकी 326. त्यात 1 मिळवला की 327. विजेती नोंद क्रमांक 327, पर्याय 328 आणि 329. हा हिशेब सातवीतलं पोर कागदावर करून पाहू शकतं. बाकीत 1 का मिळवायचा? 387 ने भागल्यावर बाकी 0 ते 386 यांतली काहीही येऊ शकते आणि यादी 1 पासून सुरू होते, म्हणून.

यात क्रम उलटा झाला तर सगळं फसतं. आकडा आधी कळला आणि यादी नंतर आली, तर एखादी नोंद गाळून किंवा घुसवून हवं ते नाव 327 वर आणता येतं. यादी आधी गोठवायची, मग आकडा. पात्रताही सोडतीच्या आधीच तपासायची. म्हाडानेही आपल्या घरांच्या सोडतीत 2023 पासून हाच बदल केला. पूर्वी सोडतीत नाव लागल्यावर कागदपत्रं तपासली जायची आणि अपात्र ठरलेल्यांचा घोळ लांबत राहायचा. आता कागदपत्रांची तपासणी होऊन मगच अर्जदार सोडतीत येतो. पैठणीच्या बाबतीत एवढी कागदपत्रं कुणी मागणार नाही. वय आणि पत्ता तेवढा विजेतीकडून पडताळायचा राहतो, आणि त्यासाठीच पर्याय आधी काढून ठेवायचे. पहिली विजेती अपात्र निघाल्यावर नवी सोडत काढली, तर ‘नको असलेलं नाव उडवलं’ असा संशय आलाच.

परीक्षकांनी निकाल द्यायचा असेल, उदाहरणार्थ रांगोळीच्या छायाचित्रांची स्पर्धा, तर परीक्षकांची नावं, गुणांची विभागणी आणि बरोबरी झाल्यास कोणत्या निकषाचे गुण आधी पाहायचे, हे तीनही आधी जाहीर करावं. लाइकच्या संख्येवर विजेता काढू नये. लाइक विकत मिळतात, आणि जिचा गोतावळा मोठा ती जिंकते.

विजेतीला कळवण्याचा आणि बक्षीस देण्याचा भाग लिहिताना फसवेगिरी करणाऱ्यांचा विचार करावाच लागतो. ‘केबीसी लॉटरीत 25 लाख लागले’ म्हणून व्हॉट्सअॅपवर संदेश पाठवून लोकांना लुबाडण्याचे प्रकार वर्षानुवर्षं चालू आहेत. छोट्या स्पर्धांमध्येही मुदत संपायच्या सुमाराला आयोजकाच्या नावासारखंच खातं उघडलं जातं आणि कमेंट केलेल्या प्रत्येक बाईला ‘अभिनंदन, कुरिअरचे 250 रुपये भरा’ असा निरोप जातो. म्हणून ताईंनी लिहिलं:

‘विजेतीशी संपर्क फक्त याच खात्यावरून आणि निकाल येथे जाहीर झाल्यानंतरच केला जाईल. आम्ही कुरिअरचा खर्च, कर, ओटीपी किंवा बँकेची माहिती कधीही मागणार नाही. विजेतीने निकालानंतर 72 तासांत उत्तर न दिल्यास किंवा ती अपात्र आढळल्यास बक्षीस पहिल्या पर्यायाकडे, आणि तसंच पुढे दुसऱ्या पर्यायाकडे जाईल.’

‘कर मागणार नाही’ असं ताई छातीठोकपणे लिहू शकल्या, कारण साडी साडेआठ हजारांची आहे. सोडतीतलं बक्षीस 10,000 रुपयांच्या वर गेलं की देणाऱ्याने 30 टक्के कर आधी कापायचा असतो. बक्षीस वस्तूच्या रूपात असेल तर कर भरला गेल्याची खात्री करून मगच वस्तू हातात द्यायची. पंधरा हजारांची पैठणी असती तर साडेचार हजार रुपये भरले जाणं आलं. ते विजेतीकडून घ्यायचे, तर तिला येणारा निरोप थेट त्या लुबाडणाऱ्यांच्या निरोपासारखाच दिसतो: ‘तुम्ही जिंकलात, पैसे भरा.’ म्हणून महाग बक्षीस ठेवताना कर कोण भरणार आणि पॅन लागणार का, हे पहिल्या दिवशीच्या मजकुरात हवं. छोट्या आयोजकाने बक्षीस दहा हजारांच्या आत ठेवणं सर्वांत सोपं.

निकाल दडवून ठेवणं हीसुद्धा ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित प्रथा आहे. योजना संपल्यावर अंतिम निकाल सहभागी झालेल्यांपासून लपवायचा नाही, आणि योजना ज्या वृत्तपत्रात जाहीर झाली त्याच वृत्तपत्रात तो वाजवी वेळेत ठळकपणे छापला तर सगळ्यांना कळवल्याचं धरलं जातं, असं कायदा सांगतो. तोच न्याय इतर माध्यमांना लावावा. जिथे स्पर्धा जाहीर केली तिथेच निकाल, आणि तितक्याच ठळकपणे. चोवीस तासांत नाहीसा होणारा स्टेटस त्यासाठी पुरेसा नाही. निकालात नाव किती उघड करायचं, हेही आधी सांगून ठेवावं: ‘विजेतीचं नाव आणि गाव जाहीर केलं जाईल. फोन नंबर आणि पत्ता फक्त बक्षीस पाठवण्यासाठी वापरला जाईल आणि बक्षीस पोहोचल्यावर 30 दिवसांत पुसून टाकला जाईल.’ सगळ्या सहभागींचे नंबर जाहिरातींच्या यादीत ओढून घेण्याचा मोह इथे आवरावा. त्यांनी नंबर दिलेला असतो तो पैठणीसाठी.

राहिलं ते ‘आयोजकांचा निर्णय अंतिम’. हे वाक्य ठेवायला हरकत नाही, पण त्याच्या आधी एक ओळ हवी: ‘निकालाबद्दलची हरकत दोन दिवसांत लेखी कळवावी. तिचं उत्तर कारणासह दिलं जाईल.’ हरकत येतेच. आपल्या उदाहरणात अशी समजा की एक बाई म्हणते, मी 11:58 ला उत्तर लिहिलं होतं, माझं नाव यादीत का नाही? ताईंनी मुदत संपताच कमेंटचे स्क्रीनशॉट वेळेसकट काढून ठेवले होते. त्यात त्या बाईंची नोंद 21 तारखेच्या 12:01 ची दिसली. ताईंनी तो स्क्रीनशॉट आणि यादीवर हरकत घ्यायची मुदत कधी होती ते वाक्य, दोन्ही त्यांना पाठवलं. साडी 327 क्रमांकाच्या घरी गेली.